पीएस५ ला वायर जोडली तरी आकडा ९४ वरच अडतो: केबल, लिंक स्पीड आणि स्विचचं पोर्ट कसं तपासायचं

रत्नागिरीहून भाच्याचा फोन आला. "मामा, प्लॅन तीनशे एमबीपीएसचा घेतलाय, वायफाय नाही, वायरच लावली आहे, तरी पीएस५ वर चौऱ्याण्णवच्या वर आकडा जातच नाही. तीन वेळा बघितलं. कंपनीवाले म्हणतात, आमच्याकडून बरोबर आहे."

मी त्याला एवढंच म्हटलं, "कंपनीवाले बहुतेक खरं बोलतायत. मी शनिवारी येतोय, तोवर काही उपटू नकोस."

न बघता इतक्या खात्रीने सांगता आलं ते त्या ९४ मुळे. वायरीवरच्या नेटवर्कमध्ये हा आकडा म्हणजे जवळजवळ सहीच असते. आधी तो कुठून येतो ते पाहू, मग एकेक पायरी घेऊ. ताईच्या घरी एकामागे एक दोन बिघाड निघाले. पहिला दूर केल्यावरच दुसरा दिसला. तुमच्या घरीही असं होऊ शकतं, म्हणून ती सगळी तपासणी इथे क्रमाने सांगतो.

९४ चा अर्थ

इथरनेट केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. १०० एमबीपीएसच्या लिंकला यातल्या दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६ वरच्या. १००० एमबीपीएसच्या, म्हणजे गिगाबिटच्या लिंकला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली तरी गिगाबिट होत नाही, पण १०० मात्र छान चालतं.

केबल लावली की दोन्ही टोकांची यंत्रं आधी आपसात ठरवतात, तुला किती जमतं, मला किती जमतं. हे बोलणं होतं ते पिन १-२ आणि ३-६ वरूनच. त्यामुळे तपकिरी तार तुटलेली असली तरी दोघं खुशाल "हजार" ठरवतात, हजारवर जायला बघतात आणि अडखळतात. पुढे काय होतं ते आतल्या चिपवर अवलंबून असतं. काही चिपा दोन-चार प्रयत्नांनंतर स्वतःहून १०० वर उतरतात आणि काम सुरू करतात. काही उतरत नाहीत, मग दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो आणि कन्सोल म्हणतो केबलच जोडलेली नाही. म्हणूनच एकच केबल टीव्हीला चालते आणि कन्सोलला चालत नाही असं लोक सांगतात तेव्हा त्यात नवल काही नसतं.

१०० च्या लिंकवर पूर्ण शंभर कधीच मिळत नाहीत. प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा जाते. हे सगळं वजा करून खरा माल उरतो तो ९४ ते ९५ एमबीपीएस. याच हिशोबाने गिगाबिटवर ९४० च्या आसपास मिळतात. तेव्हा १०० च्या वरचा प्लॅन असताना कन्सोल पुन्हापुन्हा ९३-९४ दाखवत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० ची लिंक आहे असं धरून चला. आकडा ६० किंवा १५० असा हेलकावत असेल तर कारण वेगळं असू शकतं. कन्सोलची चाचणी दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथली गर्दीही त्यात मोजली जाते.

फरक किती पडतो? ५० जीबीचा गेम ९४ एमबीपीएसने उतरवायला साधारण ७१ मिनिटं लागतात, ३०० ने सुमारे २२. खेळताना मात्र १०० ची स्वच्छ लिंक गिगाबिटइतकीच चांगली असते, कारण गेमचा डेटा फार थोडा असतो. हे लक्षात ठेवा. पुढे याचा उपयोग होणार आहे.

पहिली पायरी: पोर्ट मुळातच १०० चं नाही ना?

केबल बदलायच्या आधी हे बघा, कारण इथे अनेकांचे पैसे वाया जातात. फायबरच्या डब्यावर चार लॅन पोर्ट असले तरी चारही गिगाबिट असतील असं नाही. एकच पोर्ट गिगाबिट आणि बाकीची १०० ची असे डबे सर्रास बसवले जातात. पोर्टजवळ GE लिहिलं असेल तर गिगाबिट, FE लिहिलं असेल तर १००. काहीच लिहिलं नसेल तर डब्याखालच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक शोधून त्याची माहिती वाचा. स्वस्त राउटरांची सगळीच लॅन पोर्टं १०० ची असू शकतात. छोट्या स्विचवर 10/100 लिहिलं असेल तर तो १०० चाच, 10/100/1000 किंवा Gigabit लिहिलेलं हवं.

कन्सोलच्या बाजूने पीएस४, पीएस५, एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स-एस यांना गिगाबिट पोर्ट आहे. जुन्या एक्सबॉक्स ३६० ला १०० चंच आहे, तिथे ९४ च्या वर कितीही प्रयत्न केला तरी जाणार नाही.

ताईकडचा डबा हॉलमध्ये. त्याचं पहिलं पोर्ट GE, आणि वरच्या खोलीत जाणारी केबल त्यातच. ती भिंतीतल्या पाइपातून साधारण वीस-बावीस मीटर जाते, टीव्हीमागे पाच पोर्टांच्या गिगाबिट स्विचला लागते आणि तिथून दीड मीटरची केबल पीएस५ ला. म्हणजे पोर्टं सगळी गिगाबिट. शंका केबलवर आली.

दुसरी पायरी: लिंक कुठल्या टप्प्यावर १०० ची आहे

पीएस५ वर वेग बघायची जागा अशी: Settings, मग Network, मग Connection Status, मग Test Internet Connection. पण तिथे कळतो तो इंटरनेटचा वेग. कन्सोल आणि स्विच यांच्यात ठरलेला लिंक स्पीड तिथे कळत नाही. तो दुसऱ्या टोकाला बघावा लागतो.

सगळ्यात सोपं म्हणजे स्विचचे दिवे. बऱ्याच स्विचांवर गिगाबिटला हिरवा आणि १०० ला पिवळा-नारिंगी दिवा असतो, काहींवर गिगाबिटला दोन दिवे लागतात. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे, म्हणून स्विचच्या अंगावर छापलेली खूण वाचूनच अर्थ लावा. कन्सोल पूर्ण चालू असतानाच बघा. झोपेतली यंत्रं वीज वाचवायला लिंक खाली उतरवू शकतात आणि मग नसलेला दोष दिसतो.

ताईकडे पीएस५ च्या पोर्टवर हिरवा दिवा होता आणि हॉलमधून येणाऱ्या केबलच्या पोर्टवर पिवळा. कन्सोल आणि त्याची छोटी केबल ठीक होती, अडचण हॉल ते स्विच या टप्प्यात होती. भाच्याने तोवर कन्सोलची केबल दोनदा बदलून पाहिली होती. साखळीतल्या कुठल्याही एका टप्प्यावर १०० ची लिंक असली की शेवटी १००च मिळतात. तेव्हा कन्सोलपाशी न थांबता राउटरपर्यंतचा प्रत्येक टप्पा बघायचा.

दिव्यांवर विश्वास बसत नसेल तर लॅपटॉप घ्या. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे लिहा:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

LinkSpeed खाली 1 Gbps किंवा 100 Mbps स्पष्ट दिसतं. लिनक्सवर `ethtool` आणि पुढे कार्डाचं नाव लिहिलं की Speed आणि Duplex दोन्ही कळतं. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल आणि यूएसबी अडॅप्टर वापरणार असाल तर तो अडॅप्टर यूएसबी ३ चा आणि गिगाबिट आहे याची खात्री करा. बाजारात १०० चे अडॅप्टरही मिळतात, आणि तसला निघाला तर तुम्ही केबलऐवजी अडॅप्टरच मोजत बसाल.

तिसरी पायरी: एका वेळी एकच गोष्ट बदला

मी आधी लॅपटॉप हॉलमधल्या डब्याला दोन मीटरच्या, चांगल्या असल्याची खात्री असलेल्या केबलने जोडला. लिंक 1 Gbps, वेग २९० च्या आसपास. म्हणजे कंपनी, डबा आणि ते पोर्ट, तिन्ही निर्दोष. मग वरच्या खोलीत जाऊन स्विच बाजूला ठेवला आणि भिंतीतून येणारी केबल थेट लॅपटॉपला लावली. लिंक 100 Mbps. मधे एकच वस्तू उरली, ती केबल.

हा क्रम महत्त्वाचा आहे. घाईत केबल, पोर्ट आणि स्विच एकदम बदलले तर वेग सुधारतोही, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि चांगली वस्तू कचऱ्यात जाते. कागदावर लिहीत चला: कुठलं पोर्ट, कुठली केबल, किती लिंक. चार ओळी पुरतात.

केबल भिंतीत नसेल, दुकानातून आणलेली तयार असेल, तर तपासणी इथेच संपवा आणि नवी घ्या. गिगाबिटला कॅट५ई पुरेशी आहे, कॅट६ घेतली तरी चांगली. घरातल्या अंतरांसाठी कॅट७, कॅट८ अशा नावांवर जास्त पैसे घालू नका. चपट्या, कागदासारख्या पातळ केबलींच्या तारा फार बारीक असतात. दाराखालून न्यायला त्या सोयीच्या वाटतात, पण दार रोज त्यांच्यावरून फिरतं आणि त्या लवकर जातात.

चौथी पायरी: भिंतीतली केबल दुरुस्त करणं

भिंतीतल्या केबलचा दोष बहुतेक वेळा भिंतीत नसतो, टोकाला असतो. तिथेच ती ओढली जाते, वाकते, फर्निचरमागे चेपते. साधा आठ दिव्यांचा केबल टेस्टर काही शे रुपयांत मिळतो. त्याचा एक भाग हॉलमध्ये आणि दुसरा वर लावला. १ ते ७ दिवे ओळीने लागले, ८ लागला नाही. आठवी पिन म्हणजे तपकिरी तार.

टीव्हीमागचा प्लग उजेडात धरल्यावर कारण दिसलं. टीव्हीचं युनिट भिंतीला अगदी चिकटवलं होतं, त्यामुळे केबल प्लगच्या तोंडाशीच काटकोनात मोडलेली. शिवाय प्लग बसवताना बाहेरचं आवरण आत घेतलेलंच नव्हतं, नुसत्या नाजूक तारांवर सगळा ताण. इथरनेट केबल तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये असा नियम आहे. साध्या कॅट५ई साठी म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटरची गोलाई. युनिटमागे तेवढी जागा सोडा.

नवा प्लग बसवायची रीत अशी. जुना प्लग दोन-तीन सेंटिमीटर केबलसह कापून टाका. आवरण साधारण तीन सेंटिमीटर सोला. पातं आतल्या तारांना लागू देऊ नका, तिथे पडलेली चीर महिन्याभराने तार तोडते. जोड्यांचे पीळ उलगडून तारा सरळ करा आणि या क्रमाने लावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आता टोकं सरळ कापा, उलगडलेला भाग फक्त १३ मिलिमीटर उरला पाहिजे. प्लगची खिटी मागे, सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे आणि तारा खालून आत, असा धरला की डावीकडची पहिली पिन. तारा प्लगच्या टोकाला भिडल्या का आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आतपर्यंत गेलं का, हे दोन्ही बघूनच क्रिम्पिंग टूल दाबा. भिंतीतल्या केबलची तार सहसा एकसंध असते आणि लवचिक केबलची बारीक धाग्यांची. प्लगही त्याप्रमाणे वेगळे मिळतात, दुकानात सांगून घ्या.

रंगांच्या क्रमाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथली एक चूक टेस्टरलाही कळत नाही. काही जण क्रम लक्षात ठेवायला सोपा म्हणून जोड्या शेजारी-शेजारी लावतात: नारिंगीच्या दोन, हिरवीच्या दोन, निळीच्या दोन, तपकिरीच्या दोन. दोन्ही टोकांना सारखंच लावल्यामुळे टेस्टरवर आठही दिवे ओळीत लागतात. पण पिन ३ आणि ६ ही एक जोडी असायला हवी, आणि या पद्धतीत ३ वर हिरव्या जोडीतली तार येते, ६ वर निळ्या जोडीतली. तारांना पीळ दिलेला असतो तो एका जोडीच्या दोन तारांनी बाहेरचा गोंगाट सारखाच झेलावा आणि तो वजा होऊन जावा म्हणून. जोडीच फोडली की पिळाचा उपयोग संपतो आणि एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो. अशी केबल दोन-तीन मीटरवर चालून जाते, वीस मीटरवर चुका करत राहते. म्हणून टेस्टर पास झाला तरी दोन्ही प्लगांचे रंग डोळ्यांनी बघा.

उलट एक गोष्ट चूक वाटते पण नसते. एका टोकाला नारिंगी-हिरवीची अदलाबदल झालेली, म्हणजे एकीकडे ए क्रम आणि दुसरीकडे वर सांगितलेला बी क्रम, अशी केबल सापडली तर घाबरू नका. गिगाबिट पोर्टं ती अदलाबदल स्वतः ओळखून घेतात. वेग कमी असण्याचं ते कारण नाही.

कापलेल्या तारेचा छेदही बघून घ्या. आत तांबडं दिसलं तर तांबं. बाहेरून तांबूस आणि आत चंदेरी दिसलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते ठिसूळ असतं, त्याचा विद्युत रोध जास्त असतो आणि प्लगपाशी दोन-चारदा वाकलं की तुटतं. तशी केबल भिंतीत असेल तर नवा प्लग फार काळ टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. पाइपातून ओढून बदलता येत असेल तर बदलाच. किनाऱ्यावरच्या घरांत आणखी एक बघायचं, ते म्हणजे पोर्टाच्या पट्ट्यांवर हिरवट गंज. खाऱ्या दमट हवेत तो चढतो आणि स्पर्श अर्धवट होतो.

ताईकडची तार तांब्याची निघाली. वरचा प्लग नवा बसवला, टेस्टरवर आठही दिवे लागले, स्विचवर हिरवा दिवा आला आणि पीएस५ ने २८० च्या पुढचा आकडा दाखवला. भाच्याने लगेच गेम उतरवायला लावला.

पाचवी पायरी: लिंक वर आली, पण ती स्वच्छ आहे का?

संध्याकाळी तो खाली आला. "मामा, डाउनलोड भारी होतंय, पण खेळताना माणूस मागे उडी मारतोय. आधी असं होत नव्हतं."

हे "आधी होत नव्हतं" फार मोलाचं होतं. सकाळपर्यंत लिंक १०० ची होती आणि खेळ नीट चालायचा. आता १००० ची झाली आणि अडखळू लागला. म्हणजे वाटेत असं काहीतरी होतं जे १०० वर चालत होतं आणि १००० वर चुका करत होतं. गिगाबिटमध्ये चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी सिग्नल जातो, आणि तारेवर तीनऐवजी पाच पातळ्या ओळखायच्या असतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतरही कमी असतं. १०० ला जो गोंगाट चालून जातो तो इथे आकडे बिघडवतो. बिघडलेलं पाकीट पुढचं यंत्र मुकाट्याने फेकून देतं. दिवा हिरवाच राहतो.

डाउनलोडमध्ये हे जाणवत नाही, कारण हरवलेलं पाकीट परत मागवलं जातं. थोडा वेग कमी होतो, इतकंच. खेळात पाकिटं सेकंदाला कित्येक वेळा जातात-येतात आणि उशिरा आलेलं पाकीट काही कामाचं नसतं. त्यामुळे शेकड्यात एखादं गेलं तरी हाताला कळतं.

तपासायला स्विचच्या मोकळ्या पोर्टला लॅपटॉप जोडला आणि राउटरला पिंग लावलं. आधी नेहमीचं छोटं, मग मोठ्या आकाराचं:

```
ping -n 500 192.168.1.1
ping -n 500 -l 1400 192.168.1.1
```

तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, तो घाला. प्रत्येकाला साधारण आठ-साडेआठ मिनिटं लागतात, मधेच थांबवू नका. छोट्या पिंगचं एकही पाकीट हरवलं नाही. मोठ्या पिंगची ५०० पैकी ९ हरवली.

असं का, ते साध्या हिशोबात बसतं. छोट्या पिंगचं पाकीट तारेवर ७८ बाइटचं असतं, मोठ्याचं १,४४६ बाइटचं, म्हणजे साडेअठरा पट. तार अधूनमधून एखादा बिट बिघडवत असेल, तर लांब पाकिटात तो सापडण्याची शक्यता तितक्याच पटीने जास्त. ५०० मोठ्या पिंगांत ९ जात असतील तर ५०० छोट्यांत अर्धं जाईल, म्हणजे बहुधा एकही दिसणार नाही. नुसतं साधं पिंग करून "केबल ठीक आहे" म्हणणारे इथेच फसतात.

मात्र काही राउटर कामात असले की पिंगला उत्तर द्यायला टाळाटाळ करतात. म्हणून हाच प्रयोग दोष नसलेल्या वाटेवरही करून घ्यायचा आणि दोन्हींची तुलना करायची.

सहावी पायरी: केबलचा दोष की पोर्टचा

स्विच काढून भिंतीतली केबल थेट लॅपटॉपला लावली. लिंक गिगाबिट, ५०० मोठी पिंगं, एकही गेलं नाही. राउटर पिंगला नीट उत्तर देतो हेही यातच सिद्ध झालं आणि नव्या प्लगसह केबल स्वच्छ आहे हेही. संशय स्विचवर आला.

आता युक्ती अशी की दोष केबलीबरोबर हलतो की पोर्टपाशीच राहतो ते बघायचं. भिंतीतली केबल आतापर्यंत स्विचच्या पोर्ट १ मध्ये होती. ती पोर्ट ४ मध्ये घातली, बाकी काही हलवलं नाही. ५०० पैकी शून्य. मग उलट केलं: लॅपटॉप छोट्या केबलने पोर्ट १ ला लावला. आठ गेली. तीच छोटी केबल पोर्ट ३ ला लावली, शून्य. म्हणजे दोष केबलीबरोबर फिरत नव्हता, पोर्ट १ वरच बसला होता.

ताई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, मे महिन्यात वीज कडाडली ना, तेव्हा खालचा डबा गेला होता. तो बदलून दिला त्यांनी. हा वरचा चालू होता म्हणून कुणी बघितलाच नाही."

तेव्हाच हे पोर्ट गेलं असं सिद्ध करता येत नाही, पण चित्र जुळतं. वळवाच्या विजेने लांब तांब्याच्या तारेत झटका येतो आणि तो तारेच्या दोन्ही टोकांच्या पोर्टांना बसतो. एक टोक पूर्ण जळतं, दुसरं अर्धवट जगतं. अर्धवट जगलेलं पोर्ट ओळखायला अवघड, कारण दिवा लागतो, डेटा जातो आणि फक्त चुका वाढतात. विजेनंतर एखादं यंत्र बदललं तर त्याच तारेच्या पलीकडच्या पोर्टचीही मोठ्या पिंगने तपासणी करा.

स्विचमध्ये ब्राउझरमधून उघडणारं पान असेल तर काम आणखी सोपं होतं. तिथे प्रत्येक पोर्टची लिंक आणि खराब पाकिटांची मोजणी दिसते, काहींवर तो रकाना RxBadPkt नावाने असतो. आधी आकडे शून्यावर आणा, तासभर खेळा, मग बघा. निरोगी घरगुती लिंकवर तो आकडा शून्यच राहायला हवा. पण एक मर्यादा समजून घ्या. स्विच मोजतो ती त्याच्याकडे आलेली खराब पाकिटं. स्विचकडून कन्सोलकडे जाताना बिघडलेली पाकिटं कन्सोल फेकतो, आणि ती संख्या कन्सोल तुम्हाला दाखवत नाही. म्हणून तिथे शून्य दिसलं तरी कन्सोलच्या जागी लॅपटॉप ठेवून दुसरी दिशाही तपासावी. लॅपटॉपवर `netstat -e` लिहिलं की Errors ची ओळ दिसते.

एका पोर्टऐवजी सगळ्याच पोर्टांचे दिवे एकदम जात-येत असतील तर पोर्टं उघडून बघत बसू नका, आधी स्विचचा वीज अडॅप्टर बघा. थकलेला अडॅप्टर भार वाढला की कमी पडतो आणि अख्खा स्विच पुन्हा सुरू होतो. बदलताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचा धन-ऋण लेबलवरच्या खुणेप्रमाणे.

वेग हाताने ठरवावा का?

शोधताना अनेक ठिकाणी सल्ला मिळतो की एका बाजूला 100 Full असं पक्कं करून टाका. एका बाजूलाच करू नका. पक्कं केलेलं यंत्र सहसा आपसातलं ठरवणं बंद करतं. समोरचं यंत्र सिग्नल बघून १०० ओळखतं, पण दोन्ही दिशांनी एकदम बोलायचं आहे हे त्याला कळत नाही, मग ते नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतं. एक मनात येईल तेव्हा बोलतो, दुसरा समोरचं संपण्याची वाट बघतो आणि टक्कर झाली असं समजतो. हलक्या वापरात सगळं ठीक वाटतं, डाउनलोड सुरू केलं की वेग कोसळतो. दोन्ही टोकं Auto वर ठेवा.

पाइपातली केबल खरंच वाया गेली असेल आणि ती बदलायला महिना लागणार असेल, तर मात्र मधल्या काळासाठी १०० ची लिंक चालवायला हरकत नाही. त्यासाठी सेटिंग बदलण्यापेक्षा मधे 10/100 चा जुना स्विच लावा. दोन्ही टोकं नीट बोलून १०० आणि फुल डुप्लेक्सवर येतात. डाउनलोड हळू होईल, खेळ नीट चालेल.

आणि राउटरपर्यंत ५०० पैकी शून्य जात असूनही खेळ अडखळत असेल, तर घरातली वायर सोडा. तेव्हा घरात दुसरं कुणी मोठं काही चढवत-उतरवत असताना पिंगचा वेळ वाढतो का ते बघा, नाहीतर अडचण गेमच्या सर्व्हरच्या वाटेवर आहे.

ताईच्या स्विचचं पोर्ट १ मी काळ्या चिकटपट्टीने बंद केलं आणि वर "वापरू नये" लिहिलं. केबल पोर्ट ४ मध्ये, पीएस५ पोर्ट ३ मध्ये. युनिट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. रात्री शेवटचं मोठं पिंग लावलं, या वेळी १,००० चं, आणि ते चालू असतानाच भाच्याला खेळायला सांगितलं. पाकीट एकही गेलं नाही. पुढच्या महिन्यात त्याने नवा स्विच आणला, पण जुन्यावरची चिकटपट्टी काढू नको असं मी त्याला बजावलं आहे, कारण असे स्विच माळ्यावरून दोन वर्षांनी पुन्हा खाली येतात.